फार्दर की फर्दर, एल्डर की ओल्डर? ‘पुढे’ आणि ‘मोठा’ या दोन शब्दांतून सुटलेला गुंता

‘पुढे’ आणि ‘मोठा’ हे आपल्या मराठीतले दोन अतिशय कष्टाळू शब्द. रिक्षावाल्याला आपण ‘जरा पुढे घ्या’ म्हणतो आणि लग्नाच्या बोलणीतही ‘पुढे काय ठरलं?’ म्हणून विचारतो. पहिला ‘पुढे’ रस्त्यावरचा, दुसरा कामातला. ‘मोठा’चंही तसंच. घर मोठं, भाऊ मोठा, आणि तो भाऊ माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शब्द एकच, पण मराठी बोलताना आपलं त्यामुळे काही अडत नाही.

इंग्रजी लिहायला बसलं की मात्र अडतं. तिथे ‘पुढे’चे फार्दर आणि फर्दर असे दोन वाटे होतात, आणि वयाच्या ‘मोठ्या’चे एल्डर आणि ओल्डर असे दोन. बरीच वर्षं इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्यावर माझं एक मत झालं आहे. या जोड्या इंग्रजी व्याख्या पाठ करून लक्षात राहत नाहीत. मराठी वाक्य आधी नीट तपासलं, की इंग्रजी शब्द आपोआप सापडतो. म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या मराठीतूनच सुरू होतात.

पहिली पायरी: कोणता शब्द मोकळा आणि कोणता राखीव, हे ओळखा

व्याकरणाच्या पुस्तकात या जोड्या शेजारी शेजारी छापलेल्या असतात, त्यामुळे दोन्ही शब्द सारख्याच वजनाचे वाटतात. प्रत्यक्षात तसं नाही. प्रत्येक जोडीत एक शब्द मोकळा आहे, बऱ्याच ठिकाणी चालतो. दुसरा राखीव आहे, ठरावीक जागीच बसतो. फर्दर आणि ओल्डर हे मोकळे. फार्दर आणि एल्डर हे राखीव.

याचा लगेच होणारा उपयोग असा: परीक्षेत, मुलाखतीत किंवा घाईत ईमेल लिहिताना काहीच सुचलं नाही, तर फर्दर आणि ओल्डर लिहा. बहुतेक वेळा बरोबर येईल, आणि उरलेल्या वेळी फार तर थोडं कमी नेटकं वाटेल. उलट दिशेने असं करता येत नाही. राखीव शब्द भलत्या जागी टाकला की चूक उघडी पडते. ‘फार्दर इन्फर्मेशन’ किंवा ‘एल्डर दॅन मी’ हे जाणकाराच्या नजरेला लगेच टोचतं.

म्हणजे शिकायचं एवढंच उरतं, की राखीव शब्दांच्या दारावर काय लिहिलं आहे.

दुसरी पायरी: फार्दरसाठी ‘लांब’ घालून बघा

या दोन शब्दांच्या स्पेलिंगमध्ये फरक एकाच अक्षराचा. एफनंतर ए आला की फार्दर, यू आला की फर्दर. ए असलेल्या शब्दाच्या पोटात ‘फार’ आहे, आणि नशिबाने तो मराठी कानालाही ओळखीचा वाटतो: ‘फार लांब’मधला फार. इंग्रजी फारचा अर्थच ‘लांब, दूर’ असा असल्याने ही खूण फसवत नाही.

आता मराठी वाक्यातला ‘पुढे’ काढून तिथे ‘जास्त लांब’ बसतं का ते बघा. बसलं, तर फार्दर चालेल. ‘मुंबईहून निघालं की सातारा पुण्याच्या पुढे आहे.’ म्हणजे सातारा पुण्यापेक्षा जास्त लांब आहे. ‘फ्रॉम मुंबई, सातारा इज फार्दर दॅन पुणे.’ बसलं. ‘माझ्याने आता पुढे चालवत नाही.’ म्हणजे याहून लांब चालवत नाही. ‘आय कान्ट वॉक एनी फार्दर.’ हेही बसलं. फूटपट्टीने, पावलांनी किंवा गाडीच्या काट्यावर मोजता येईल असं अंतर असलं, की ही जागा फार्दरची.

किती लांब हे सांगायचं असेल तर आकडा शब्दाच्या लगेच आधी येतो. ‘दवाखाना दोन किलोमीटर पुढे आहे’ म्हणजे ‘द हॉस्पिटल इज टू किलोमीटर्स फार्दर.’ मध्ये काही घालावं लागत नाही.

इथे हमखास होणारी चूक ‘मोर फार्दर’ची. मराठीत ‘अजून लांब’, ‘जास्त लांब’ असे दोन शब्द लागतात, म्हणून हात आपोआप मोरकडे जातो. फार्दरमध्ये ‘जास्त’ आधीच शिजलेलं आहे, वर पुन्हा मीठ नको. फरक ठसवायचाच असेल तर ‘मच फार्दर’ म्हणा, ते चालतं. ओल्डरचाही हाच हिशेब: ‘मोर ओल्डर’ नाही, ‘मच ओल्डर’ चालेल.

जाता जाता एक गंमत. ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी शब्दातल्या र नंतर लगेच स्वर आला नाही, तर तो र उच्चारत नाहीत. त्यामुळे तिथे फार्दर आणि वडील या अर्थाचा फादर कानाला अगदी सारखे लागतात. ऐकण्याच्या परीक्षेत ‘वडील इतके दूर कसे आले’ असा गोंधळ झाला, तर दोष तुमच्या कानाचा नाही.

तिसरी पायरी: ‘आणखी’ बसलं की फर्दर, दुसरा विचार नको

आता तोच ‘पुढे’ दुसऱ्या कामात पाहा. सरकारी पत्राच्या शेवटी एक ओळ ठरलेली असते: ‘पुढील आवश्यक कार्यवाहीसाठी.’ तिचं ठरलेलं इंग्रजी रूप ‘फॉर फर्दर नेसेसरी ॲक्शन.’ ही कार्यवाही काही साताऱ्याच्या पलीकडे नाही. ती ‘आणखी’ करायची आहे, ‘यानंतर’ करायची आहे. ‘लांबची कार्यवाही’ म्हणून पाहिलं तर हसूच येतं. वाक्यात ‘लांब’ घालून हसू आलं, म्हणजे तिथे फार्दर नको, हा साधा निकाल.

अशा जागा भरपूर आहेत. ‘पुढील सूचना मिळेपर्यंत’ म्हणजे ‘अंटिल फर्दर नोटिस’. ‘अधिक माहितीसाठी’ म्हणजे ‘फॉर फर्दर डिटेल्स’. ‘आणखी दोन आठवडे लागतील’ म्हणजे ‘इट विल टेक अ फर्दर टू वीक्स’. ‘पुढे काही प्रश्न असतील तर’ म्हणजे ‘इफ यू हॅव एनी फर्दर क्वेश्चन्स’. वेळ, माहिती, चौकशी, चर्चा, शिक्षण, म्हणजे जे वाढवता येतं पण टेपने मोजता येत नाही, ते सगळं फर्दरच्या घरचं.

फर्दरकडे आणखी एक काम आहे, ते फार्दरला जमतच नाही. तो क्रियापद होतो. ‘शी लर्न्ट इंग्लिश टू फर्दर हर करिअर.’ करिअर पुढे नेण्यासाठी ती इंग्रजी शिकली. इथे फार्दर कधीच येत नाही. ‘शिवाय, त्याहून पुढे’ या अर्थाचा फर्दरमोर हा जोडशब्दही फक्त यूवालाच. फार्दरमोर नावाचा शब्द आजच्या इंग्रजीत नाही.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याने ही पायरी पक्की होते. दोघांत फर्दर हा जुना. त्याचं नातं ‘फोर्थ’शी आहे. चौथा नव्हे, ‘पुढे’ या अर्थाचा जुना शब्द. म्हणजे आपल्या ‘पुढे’चा खरा जुळा फर्दरच. फार्दर नंतर आला. फर्दरचंच ते एक बदललेलं रूप, आणि ‘लांब’ अर्थाच्या फारशी सारखं दिसत असल्याने ते हळूहळू अंतराच्या बाजूला झुकलं. मूळचा फर्दर अंतरासाठीही वापरत, तो हक्क त्याने आजही पूर्ण सोडलेला नाही.

म्हणून ब्रिटनमध्ये ‘सातारा इज फर्दर दॅन पुणे’ असं कुणी लिहिलं तर ती चूक मानत नाहीत. तिथे रोजच्या बोलण्यात अंतरासाठीही फर्दरच जास्त ऐकू येतो. अमेरिकेत छापील मजकूर तपासणारे मात्र अंतराला फार्दर आणि बाकीला फर्दर अशी वाटणी बऱ्याच कसोशीने पाळतात. तुमचा अर्ज अमेरिकन विद्यापीठाला जाणार असेल तर ही वाटणी पाळा. आपल्याकडच्या परीक्षेतही पर्याय समोर असतील आणि वाक्यात अंतर असेल, तर फार्दरवर खूण करा.

मधली धूसर जागाही आहे. ‘हे सत्यापासून फार दूर आहे’ यातलं अंतर मोजता येत नाही, पण चित्र अंतराचंच आहे. इथे रुळलेला शब्द फर्दर: ‘नथिंग कुड बी फर्दर फ्रॉम द ट्रूथ.’ पुस्तकात ‘पुढे’ वाचत गेलात तर ते अंतर की प्रगती? दोन्ही शब्द छापलेले सापडतील. अशा जागी मी विद्यार्थ्यांना वाद घालू देत नाही. मोकळा शब्द घ्या आणि पुढच्या वाक्याकडे वळा.

चौथी पायरी: ‘थोरला’ बसतो का?

दुसरी जोडी आपल्याला खरं तर सोपी जायला हवी. इंग्रजीला एल्डर समजावून सांगायला नियम लागतात, आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र शब्द आहे: थोरला. थोरला भाऊ, थोरली बहीण, थोरली लेक. हे सगळे एल्डर. समोर धाकटा उभा असतो, म्हणजे यंगर.

इतिहासातही ही जोडी जुळते. इंग्लंडमध्ये विल्यम पिट नावाचे बापलेक दोघेही पंतप्रधान झाले. मुलगा 1783 साली अवघ्या 24व्या वर्षी त्या पदावर बसला. नाव एकच, म्हणून बाप ‘पिट द एल्डर’ आणि मुलगा ‘पिट द यंगर’. आपण पहिल्या बाजीरावाला थोरले बाजीराव म्हणतो, त्यातलीच ही गरज. एका नावाचे दोघे असले की आधीचा तो थोरला.

तेव्हा मराठी वाक्यातला ‘मोठा’ काढून ‘थोरला’ ठेवा. ‘माझा मोठा भाऊ नाशिकला असतो.’ माझा थोरला भाऊ नाशिकला असतो. बसलं. ‘माय एल्डर ब्रदर लिव्ज इन नाशिक.’ ‘हा वाडा त्या देवळापेक्षा जुना आहे.’ इथे ‘थोरला’ला जागाच नाही, म्हणून ‘धिस वाडा इज ओल्डर दॅन दॅट टेम्पल.’ वस्तू, इमारत, झाड, गाडी, कुत्रा, कंपनी यांना एल्डर कधीच लावू नका. एल्डर माणसांपुरता, आणि माणसांतही मुख्यतः नात्यातल्या माणसांपुरता. तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा मित्र ‘एल्डर फ्रेंड’ होत नाही, तो ‘ॲन ओल्डर फ्रेंड’. इथे र विसरून ‘ॲन ओल्ड फ्रेंड’ लिहिलंत तर अर्थ ‘जुना मित्र’ होतो, मग तो तुमच्यापेक्षा लहान का असेना.

ही परीक्षा दोन ठिकाणी दगा देते, ती आधीच सांगून ठेवतो.

एक, थोरला वाडा किंवा थोरली पाती, म्हणजे घराण्याची थोरली शाखा. आपण थोरला हा शब्द कधी आकाराला आणि कधी मानालाही लावतो. इंग्रजीत वाड्याला एल्डर चालत नाही. तेव्हा ‘थोरला बसतो का’ याआधी ‘माणूस आहे का’ हे विचारून घ्या.

दुसरी जागा आहे सुनांची. थोरली सून म्हणजे थोरल्या मुलाची बायको. तिचं वय धाकट्या सुनेपेक्षा कमीही असू शकतं. थोरल्या जाऊबाई चोवीसच्या आणि धाकट्या सव्वीसच्या, अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मराठीत थोरलेपण नवऱ्याकडून येतं. इंग्रजीत ‘एल्डर डॉटर-इन-लॉ’ लिहिलंत की वाचणारा ती वयाने मोठी असंच समजतो. तिथे सरळ ‘माय एल्डर ब्रदर-इन-लॉज वाइफ’ किंवा ‘द वाइफ ऑफ देअर एल्डर सन’ असं नातं उलगडून लिहा. लांबतं, पण व्हिसाच्या फॉर्मवर गोंधळ होत नाही.

भाऊ दोन की जास्त, हेही पाहावं लागतं. थोरला हा शब्द मराठीत दोघांत चालतो आणि पाच जणांतही चालतो. इंग्रजीत दोघांतला ‘द एल्डर’, तिघांपासून पुढे ‘द एल्डेस्ट’. पण ‘मला दोन थोरले भाऊ आहेत’ हे ‘आय हॅव टू एल्डर ब्रदर्स’ असंच राहतं. कारण तिथे प्रत्येकाची तुलना माझ्याशी आहे, सगळ्या भावंडांशी नाही.

पाचवी पायरी: मागे ‘पेक्षा’ आहे का ते बघा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, कारण माझ्या वह्यांमध्ये सगळ्यात जास्त लाल शाई इथेच सांडते.

‘माझी ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे.’ नातं आहे, माणूस आहे, थोरलीही आहे. म्हणून विद्यार्थी खुशाल ‘एल्डर दॅन मी’ लिहितो. पण एल्डर ‘दॅन’ला शेजारी बसू देत नाही. मराठीत ‘पेक्षा’ आला की एल्डर बाद, नातं कितीही सख्खं असो. ‘माय सिस्टर इज फाइव्ह इयर्स ओल्डर दॅन मी.’ आकडा इथेही लगेच आधी. ‘वर्षांनी’मधल्या ‘नी’साठी वेगळा शब्द शोधायची गरज नाही.

का? एल्डर हे ओल्डचं जुन्या काळचं ‘जास्त’ रूप. पुढे लोकांनी ओल्डला साध्या पद्धतीने प्रत्यय लावून ओल्डर केला, आणि तुलनेचं सगळं काम त्याच्याकडे गेलं. एल्डर नात्याच्या बिरुदासारखा मागे उरला. म्हणूनच तो नामाच्या आधी बसतो (एल्डर सिस्टर), किंवा ‘द’ घेऊन एकटा उभा राहतो (शी इज द एल्डर), किंवा ‘वडीलधारी माणसं’ या अर्थाने एल्डर्स होतो. ‘माय सिस्टर इज एल्डर’ असं ‘द’शिवाय वाक्याच्या शेवटी ठेवलं तर ते अर्धवट वाटतं.

आपल्याकडचा लाडका प्रयोग म्हणजे ‘एल्डर टू मी’. भारतात तो इतका रुळला आहे की काही पुस्तकं तोच नियम म्हणून शिकवतात. सीनियर आणि जूनियर हे लॅटिनमधून आलेले शब्द ‘टू’ घेतात, त्यांच्या पंगतीत आपण एल्डरलाही बसवलं. बोलण्यात कुणाचं काही बिघडत नाही. पण भारताबाहेर जाणाऱ्या लेखनात तो टाळा. ‘ओल्डर दॅन मी’ सगळीकडे बिनधोक आहे.

आणि हो, अमेरिकेत घरातल्या भावालाही ‘माय ओल्डर ब्रदर’ असंच सर्रास म्हणतात. एल्डर तिथे जरा औपचारिक वाटतो. ‘माय बिग ब्रदर’ हेही चुकीचं नाही, फक्त ते घरगुती आहे. अर्जात नको.

आता एक पत्र तपासू

कराडच्या पलीकडच्या एका गावातल्या मुलीने साताऱ्यातल्या कॉलेजला लिहिलेलं पत्र समजा असं आहे:

‘वी आर थ्री सिब्लिंग्ज. माय सिस्टर इज द एल्डर. शी इज फाइव्ह इयर्स एल्डर टू मी. आवर व्हिलेज इज मोर फार्दर फ्रॉम सातारा दॅन कराड. आवर हाउस इज एल्डर दॅन द व्हिलेज स्कूल. आफ्टर बी.कॉम. आय वॉन्ट टू स्टडी फार्दर. प्लीज सेंड मी फार्दर डिटेल्स.’

भावंडं तीन, म्हणून ताई ‘द एल्डेस्ट’. पुढच्या वाक्याचं मराठी करून बघितलं तर ‘माझ्यापेक्षा’ येतं, म्हणून ‘फाइव्ह इयर्स ओल्डर दॅन मी’. गावाच्या वाक्यात शब्द बरोबर निवडला आहे, कारण अंतर मोजता येतं. नडला तो फक्त ‘मोर’. तो काढला की ‘आवर व्हिलेज इज फार्दर फ्रॉम सातारा दॅन कराड इज’. शेवटचा ‘इज’ ठेवला की कशाची कशाशी तुलना आहे ते स्वच्छ कळतं.

घराच्या वाक्यात एल्डर दोन कारणांनी पडतो: घर माणूस नाही, आणि मागे ‘दॅन’ आहे. तिथे ‘ओल्डर दॅन’. राहिली शेवटची दोन वाक्यं. ‘पुढे शिकायचं आहे’ यात ‘लांब’ घालून पाहा. ‘लांब शिकायचं आहे’ असं होतं, आणि तिला म्हणायचं ते हे नाही. म्हणून ‘स्टडी फर्दर’. माहिती ‘आणखी’ हवी आहे, म्हणून ‘फर्दर डिटेल्स’.

तिला पुण्याला शिकायला जायचं असतं, तर गोष्ट जराशी वेगळी झाली असती. ‘आय वॉन्ट टू गो फार्दर फ्रॉम होम टू स्टडी फर्दर.’ घरापासून लांब जायचं, आणि पुढे शिकायचं. एकाच वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात. वहीत हे वाक्य लिहून त्यातले ए आणि यू गोल करून ठेवा, उजळणीला पुरतं.